संध्याकाळचं दुखणं

सासूबाईंचं डोकं संध्याकाळीच दुखतं, आणि तेही आपल्याला कुठे बाहेर जायचं असलं की, असा सुनेचा पक्का समज होता. नवऱ्याजवळ ती त्या दुखण्याला 'सहाचा भोंगा' म्हणायची. नाटकाची तिकिटं काढली, वाजला भोंगा. मैत्रिणीकडे जेवायला निघालो, वाजला भोंगा. नवरा आधी नुसता हसायचा, मग तोही दारात चपला घालताना हळूच विचारायला लागला, "आज वाजला का गं?"

हसण्यासारखं होतंही. कारण सकाळी सासूबाई ठणठणीत असायच्या. रात्री डोकं धरून, उजव्या भुवईवर मूठ दाबून झोपलेली बाई सकाळी ओट्याशी उभी राहून गुणगुणत कणीक मळताना दिसली, की कोणालाही वाटावं, कसलं दुखणं नि कसलं काय.

सून डोळ्यांच्या धंद्यातली होती, ही यातली खरी गोष्ट. चष्म्याच्या मोठ्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून ती लोकांचे नंबर काढायची. त्यासाठी रीतसर शिकलेली होती, परीक्षा देऊन पास झालेली होती. तिने काढलेला चष्मा पहिल्या दिवसापासून डोळ्याला बसतो अशी तिची ख्याती होती, आणि गिऱ्हाईकं "बाई आहेत का?" असं विचारून मगच दुकानात पाऊल टाकायची. सासूबाईंचा नंबरही तीच काढायची. चांगला जाड प्लसचा नंबर. त्या काचांमागे सासूबाईंचे डोळे बशीएवढे दिसायचे.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभा जन्म कानाला यंत्र लावून लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेला. निवृत्तीनंतर त्यांना एकच शौक उरला होता. दिवस कलला की गॅलरीत खुर्ची टाकायची, दिवा न लावता रेडिओ ऐकायचा आणि हातात क्रोशाची सुई धरायची. "टाके मला बोटांनी दिसतात," म्हणायच्या.

उन्हाळ्यात एकदा त्या सुनेला म्हणाल्या होत्या, "अगं, रस्त्यावरच्या दिव्याभोवती मला कडं दिसतं. निळं, त्याच्या बाहेर लाल. पावसाळी चंद्राला खळं पडतं ना, तसं. आणि हा डोळा आतून कोणी अंगठ्याने दाबावा तसा दुखतो."

सुनेने चष्मा त्यांच्या नाकावरून काढला, पदराने नाही, कापडाच्या खास तुकड्याने पुसला आणि परत लावला. "काच किती तेलकट झालीय बघा, आई. आणि मोतीबिंदूही धरत असेल थोडा. या वयात व्हायचंच. बघू एकदा सवडीने."

ती सवड काही झाली नाही. सासूबाईंनी पुढे आणखी दोनतीनदा कड्यांचा विषय काढला. एकदा भाजी निवडताना, एकदा फोनवर. फोनवर सून नुसतं "हं, हं" करत होती. सासूबाई मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "ठेवते. तुझ्यासमोर गिऱ्हाईक असेल." समोर गिऱ्हाईक नव्हतं. सून मोबाईलवर चपला बघत होती.

दुकानाची दुसरी शाखा निघायची ठरली आणि मालकाने तिची सगळी जबाबदारी सुनेवर टाकली. उद्घाटन शनिवारी दुपारनंतर होतं. त्याच आठवड्यात सासूबाईंना सर्दी झाली. शिंकून शिंकून बेजार झाल्या. गुरुवारी येताना सुनेने औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी आणली आणि सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. झोप येईल जरा, पण नाक सुकेल."

नाक सुकलं. शनिवारी तयार होऊन सून आरशासमोर केसांना पिन लावत होती, तेव्हा सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"आज बरं नाही वाटत गं. नेहमीसारखं नाहीये हे. डोळाच दुखतोय. दिवा लावला की भोवती सगळं इंद्रधनुष्य."

सुनेने आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. नवरा खाली गाडी काढत होता. तिच्या तोंडाशी 'भोंगा' हा शब्द आला होता, तो तिने गिळला, पण चेहऱ्यावर तो उमटला असणार. कारण सासूबाई लगेच म्हणाल्या, "जा, जा तुम्ही. मी पडते अंधार करून."

"डोकेदुखीची गोळी घ्या आणि शांत पडा. आठपर्यंत येतो आम्ही."

उद्घाटन थाटात झालं. मालकाने चार शब्द बोलताना सुनेचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या चालू असतानाच तिच्या पर्समध्ये फोन थरथरला. ती बाजूला गेली.

"उलट्या होतायत," सासूबाईंचा आवाज खोल गेलेला होता. "दोन झाल्या. उजव्या डोळ्याने मला समोरचं घड्याळ दिसत नाहीये. पांढरं पांढरं दिसतंय सगळं."

"दुपारचं काही बाधलं असेल. घोटघोट पाणी प्या. निघतोच आम्ही."

पाठीमागून कोणीतरी फोटोसाठी हाक मारत होतं. नवऱ्याने भुवया उंचावून विचारलं, कोणाचा? ती म्हणाली, "आईंचा. काही नाही, नेहमीचंच." आणि जाऊन मालकाच्या शेजारी उभी राहिली. त्या फोटोत ती छान आली आहे. पुढे दुकानात तो चौकट करून लावला, तेव्हा तिने तो आपल्या खोलीतून दिसणार नाही अशा भिंतीवर हलवायला सांगितला.

घरी आले तर सासूबाई न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसलेल्या, डोकं भिंतीला टेकलेलं, उजवा डोळा मिटलेला. त्यांचा मुलगा घाबरला. उचलून त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. दवाखाना मिटायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्तदाब घेतला. तो वाढलेला होता. "पित्त झालंय आणि त्याने डोकं उठलंय," म्हणाले. उलटीचं इंजेक्शन दिलं, दुखण्याचं दिलं. खरं तर चूक त्यांची फारशी नव्हती. समोर बाई ओकत होती आणि डोकं डोकं करत होती. डोळ्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही. सासूबाईंच्यात बोलायचं त्राण नव्हतं, मुलाला काही माहीत नव्हतं, आणि सून गप्प होती.

ती का गप्प बसली, हे तिने नंतर स्वतःला कितीदा विचारलं. तिला तो लाल डोळा दिसला होता. ट्यूबलाइटच्या उजेडात पापण्यांच्या फटीतून लालबुंद दिसत होता. रडल्यामुळे असेल, ओकताना जोर पडल्यामुळे असेल, असं तिने मनाशी म्हटलं. म्हटलं, कारण दुसरं जे काही मनात डोकावत होतं, ते खरं असतं तर संध्याकाळचा फोन, उन्हाळ्यातलं ते कडं, सगळंच वर आलं असतं. घरी तिच्या कपाटात तपासणीची छोटी बॅटरी होती. तिने ती काढली नाही. सासूबाई एरवी झोपल्या की सकाळी बऱ्या होतात. उद्याही होतील. असं म्हणत तिने दिवा मालवला.

सकाळी त्या बऱ्या नव्हत्या. सुनेने चहा पुढे केला तर त्यांचा हात कपाच्या शेजारून पुढे गेला.

तेव्हा मात्र तिने बॅटरी आणली. उजव्या डोळ्यावर उजेड टाकला. बुबुळावरची काच वाफ धरलेल्या आरशासारखी धुरकट झालेली. तिच्यामागे बाहुली अर्धवट मोठी होऊन, जराशी लांबट होऊन अडकलेली. उजेड पडूनही ती लहान होईना. सुनेने पापणीवरून दोन बोटांनी डोळा हलकेच दाबून पाहिला. डावा पिकल्या द्राक्षासारखा लागला. उजवा गोटीसारखा.

हे चित्र तिने पुस्तकात पाहिलेलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं होतं, आणि चांगले गुण मिळवले होते.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोठ्या दवाखान्यात जाऊ, आई. आत्ताच्या आत्ता."

रविवार असूनही डोळ्यांच्या दवाखान्यात तातडीचे रुग्ण घेत होते. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सासूबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यातला दाब मोजला आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजला. साधारण वीसच्या आत असायला हवा तो अठ्ठावन्न होता. त्यांनी नर्सला भराभरा सूचना दिल्या. हाताला सलाईन लागलं, डोळ्यात थेंब पडले, पोटात गोळ्या गेल्या. मग त्या खुर्ची ओढून बसल्या.

मुलगा म्हणाला, "काय झालंय नेमकं? काल तर पित्त म्हणाले."

"काचबिंदूचा अचानक आलेला झटका आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यात आतल्या आत सतत पाणी तयार होत असतं. रंगीत पडद्याच्या मागे ते तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पडदा नि पुढची काच जिथे मिळतात त्या कोनातून झिरपून जातं. तुमच्या आईंचे डोळे मुळात लहान चणीचे. प्लसचा नंबर असलेल्यांचे असतात तसे. त्यात वयानुसार आतलं भिंग जाड होतं आणि पडद्याला पुढे रेटतं. म्हणजे कोन आधीच अरुंद. मग अंधारात बाहुली जराशी मोठी झाली, अर्ध्यावर राहिली, की पडदा भिंगाला चिकटतो. पाणी मागेच तुंबतं, पडदा शिडासारखा पुढे फुगतो आणि तो कोनच बंद करून टाकतो. नळ चालू आणि मोरीत बोळा. दाब चढणारच."

"आणि ती रंगीत कडी? आई आत्ता येताना वाटेत म्हणत होती."

"दाबाने पुढच्या काचेत पाणी शिरतं. ती सुजते, दिव्याचा उजेड तिच्यातून फुटून येतो. म्हणून कडी, म्हणून अंधुक. उलट्याही त्यामुळेच. पोटाचा काही संबंध नाही." त्या सासूबाईंकडे वळल्या. "आजी, असं आधी कधी झालं होतं? थोडं दुखून, कडी दिसून, झोपल्यावर बरं वाटलं असं? झोपेत बाहुली लहान होते, कोन उघडतो, म्हणून तसं होतं."

सून पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. झोपल्यावर बरं वाटलं. सकाळची कणीक, गुणगुणणं. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"नाही हो," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "झालं असेल तरी मीच कोणाला बोलले नाही. आमची सून डोळ्यांचंच काम करते. बोलले असते तर हिच्या लक्षात आलं नसतं का?"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुम्ही नंबर काढता?"

"हो."

"बरं." त्यांनी कागदावर काही लिहिलं. "हल्ली कुठली औषधं चालू आहेत? सर्दीची, ॲलर्जीची, झोपेची, काहीही."

हा प्रश्न त्या का विचारताहेत, हे त्या खोलीत दोघींनाच कळत होतं. सर्दीच्या गोळीने बाहुली मोठी होते. अरुंद कोनाच्या डोळ्याला ती नको, हे पट्टीमागे बारीक अक्षरात छापलेलंही असतं.

"रक्तदाबाची फक्त," सून म्हणाली.

बोलली आणि तिलाच आपला आवाज परका वाटला. सासूबाईंचं डोकं उशीवर किंचित तिच्या बाजूला वळलं. आयुष्यभर तारेवरून लोकांचे आवाज ऐकलेली बाई ती.

संध्याकाळपर्यंत दाब निम्म्याच्या खाली आला. दुखणं ओसरलं. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या की काच निवळली की सकाळी लेझरने पडद्याला बारीक भोक पाडू, म्हणजे पाण्याला दुसरी वाट होईल. डाव्या डोळ्यालाही पाडायचं, कारण तोही त्याच चणीचा. आज ना उद्या त्याचीही हीच गत व्हायची. तोवर दोन्ही डोळ्यांत बाहुली लहान करणारे थेंब चालू ठेवायचे.

सून खाली जाऊन चहा आणि बिस्किटं घेऊन आली. वॉर्डच्या दारातून तिला दिसलं, सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, नाकाला रुमाल लावून शिंकत होत्या. मुलगा त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरून उभा होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात ती पट्टी होती. सर्दीच्या गोळ्यांची. घाईत निघताना त्याने आईच्या उशाकडचं सगळं पिशवीत कोंबलं होतं, त्यात ती आली होती.

"घे, आई. शिंकेने डोळ्यावर जोर पडेल उगाच," तो म्हणत होता. गोळी सासूबाईंच्या तळहातावर होती.

सुनेच्या हातातला चहा कुठे ठेवला गेला, तिला आठवत नाही. ती धावली आणि सासूबाईंच्या तळहातावर फटका मारावा तशी तिने गोळी उडवली. पेला कलंडला, पाणी चादरीवर सांडलं. शेजारच्या पलंगावरची माणसं वळून बघायला लागली. नर्स आली.

"अगं, वेड लागलंय का?" नवरा म्हणाला.

"ती नको. ती अजिबात नको. तिच्यानेच—" तिचा श्वास लागला होता. "तिने बाहुली मोठी होते. आईंना मी दिली होती ती. गुरुवारपासून. मी डॉक्टरांना सांगितलं नाही."

नर्सने खाली पडलेली गोळी उचलली, पट्टी हातातून घेतली, उलटी करून वाचली आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली.

"सांगितलं नाही म्हणजे?" नवऱ्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"लाज वाटली."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर आलं. उन्हाळ्यातलं कडं, पुसलेला चष्मा, फोनवरचं हं हं, कालचा फोन. "तू विचारलंस कोणाचा, मी म्हटलं नेहमीचंच. आई म्हणाल्या होत्या, डोळ्याने घड्याळ दिसत नाही. मी फोटोला जाऊन उभी राहिले."

नवरा खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. 'आज वाजला का' हे विचारणारा आपणही होतो, हे त्याला आठवत असावं.

सासूबाई ओल्या चादरीवर तशाच बसून होत्या. सून त्यांच्या पायाशी टेकली. "आई, तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत? मला बोलला होतात तुम्ही. कितीदा बोलला होतात."

"परक्या माणसासमोर घरच्या माणसाचा पंचनामा करू?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "तुला एक सांगू? तुम्हाला वाटायचं, तुम्ही निघालात की माझं दुखतं. मला कळत होतं ते. तुमचा तो भोंगाही मी ऐकलाय. पण इतर दिवशी आठपर्यंत तू दुकानात असतेस आणि तो कामावर. तेव्हाही दुखायचं. सांगायला घरात कोणी नसायचं, एवढाच फरक."

सुनेने खाली मान घातली आणि चादरीचा ओला भाग दुमडत राहिली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. 'जाऊ दे' असंही म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. सून म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"गोळीने कोन अरुंद होत नाही. तो होताच. तिने धक्का दिला असेल, कदाचित तिच्याशिवायही आज ना उद्या झालंच असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आज सकाळी मी विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं. ती गोळी पोटात गेली असती तर आमचे थेंब एकीकडे ओढतायत आणि ती दुसरीकडे, अशी गत झाली असती. डाव्या डोळ्याचाही धोका वाढला असता." त्यांनी जराशा थकल्या आवाजात पुढे विचारलं, "प्लसचा नंबर, हे वय, दिव्याभोवती कडी. बाजूने बॅटरी मारून पाहिली होतीत कधी?"

सुनेला ते माहीत होतं. कानाकडून डोळ्यावर आडवा उजेड टाकायचा. पडदा सपाट असेल तर तो सगळा उजळतो. पुढे फुगलेला असेल तर नाकाकडच्या अर्ध्या भागावर सावली पडते. दोन मिनिटांचंही काम नाही.

"नाही," ती म्हणाली.

"तेच तर." एवढंच बोलून त्या निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेला वाटलं.

सकाळी लेझर झालं. दोन्ही डोळ्यांना, पाठोपाठ. सासूबाई म्हणाल्या, टिचकी मारल्यासारखं वाटलं, बास. डावा डोळा वाचला. उजव्यातला दाब आटोक्यात आला, पण तो रात्रभर चढलेला राहिला होता आणि तेवढ्या वेळात डोळ्यामागच्या नसेचा जो भाग दाबाखाली गेला, तो गेला. आडवा पडदा पडावा तशी त्या डोळ्याची वरची बाजू धूसर झाली. मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदूचं भिंग लवकर काढून टाकलं तर पुढे कोनाला आणखी मोकळीक मिळेल, पण गेलेली नजर येणार नाही.

सून आठ दिवसांनी कामावर गेली. नव्या शाखेतल्या अंधाऱ्या खोलीत आता चाळिशी उलटलेलं कोणीही आलं की ती आधी बाजूने बॅटरी मारायची, संध्याकाळी दिव्याभोवती रंग दिसतात का, विचारायची. मालक कुरकुरला, "एकेकाला एवढा वेळ लावलात तर बाहेर रांग लागेल." तिने ऐकलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या बाईला तिने तसंच हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं आणि त्या बाईचे दोन्ही डोळे वेळेत सांभाळले गेले. ती बाई नंतर पेढ्यांऐवजी स्वतः शिवलेली पिशवी घेऊन दुकानात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "या बाईंनी माझे डोळे वाचवले." मालकाने कौतुकाने पाहिलं. सुनेने पिशवी घेतली, दोन शब्द बोलली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. दिव्याखाली अंधार. परक्यांचे डोळे वाचवत फिरायचं, आणि घरचा?

घरात कोणी तिला बोल लावला नाही. नवरा आधीसारखाच वागायचा, फक्त बाहेर जायचं ठरवेना. विचारलं तर "बघू" म्हणायचा. सासूबाईंचंही वरवर काही बदललं नव्हतं. गॅलरीत आता दिवा लावून बसायच्या. जिना उतरताना कठडा धरायच्या, आणि वरच्या फळीवरचा डबा काढताना हात आधी हवेत चाचपडायचा. पण एक झालं होतं. त्यांनी सुनेजवळ दुखण्याचं बोलणं बंद केलं होतं. "कसं वाटतंय, आई?" "ठीक आहे." "डोळ्यात थेंब घातले?" "घातले." तपासणीला गेल्या की डॉक्टरीणबाईंशी दहा गोष्टी बोलायच्या, डोळ्याचा कोरडेपणा, रात्रीची झोप, सगळं. सून शेजारच्या खुर्चीत बसून ते पहिल्यांदाच ऐकायची. तिला वाटायचं, हीच आपली शिक्षा, आणि ती वाजवी आहे. म्हणून तिने कधी तक्रारही केली नाही. रोज विचारायची मात्र. रोज "ठीक आहे" ऐकायची.

थंडी सुरू झाल्यावरची गोष्ट. दुकानात मालाची मोजणी होती, म्हणून तिला संध्याकाळी परत जायचं होतं. ती दारात चप्पल घालत होती, पर्स खांद्यावर होती. गॅलरीतून सासूबाई आत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"गुडघा फार दुखतोय गं आज," त्या म्हणाल्या. "कालपासून आहे. डावा."

सून एका पायात चप्पल घालून क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने ती काढली, पर्स खुंटीला अडकवली आणि दुकानात फोन लावून सांगितलं की तिला यायला उशीर होईल, कदाचित जमणारही नाही. मालक पलीकडून काय म्हणत होता ते तिने पुरतं ऐकलं नाही.

"बसा इथे, आई," तिने खुर्ची ओढली आणि स्वतः जमिनीवर बसली. "कुठे दुखतंय, हात लावून दाखवा. आणि कधी जास्त दुखतं, उठताना की चालताना?"

सासूबाई बसल्या. साडीचा काठ जरा वर सारून त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं आणि सविस्तर सांगायला लागल्या.